डबाबंद मांस: भरवसा कडेवरच्या शिवणीचा

१९६४ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात टायफॉइडची साथ आली आणि चारशेहून अधिक लोक आजारी पडले. चौकशीचा माग एका दुकानापर्यंत आणि तिथे कापून विकलेल्या डबाबंद कॉर्न्ड बीफपर्यंत, म्हणजे खारवलेल्या गोमांसापर्यंत पोचला. हा माल अर्जेंटिनाहून आला होता. मांस शिजवण्यात कसूर झाल्याचं दिसलं नाही. जंतू शिरले ते त्यानंतर, डबे गार करताना, असा निष्कर्ष निघाला.

हे कसं घडलं ते कळायला डबा तयार कसा होतो ते पाहावं लागेल. मांस डब्यात भरतात, आतली हवा शक्य तितकी काढतात आणि झाकण बसवतात. झाकणाची आणि डब्याची कड एकमेकींत दुमडून घट्ट दाबलेली असते. डब्याच्या टोकाला हाताला लागणारी उंच कड म्हणजे हीच दुहेरी शिवण. मग हे बंद डबे वाफेच्या मोठ्या दाबपात्रात जातात. आपल्या प्रेशर कुकरसारखंच तिथेही दाबामुळे तापमान १०० अंशांच्या वर चढतं.

ते चढणं गरजेचं असतं, कारण बोट्युलिझम हा जीवघेणा आजार घडवणाऱ्या जंतूचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. या जंतूला वाढायला हवा लागत नाही आणि मांस आंबट नसल्यामुळे बंद डबा त्याला चांगलाच मानवतो. म्हणून डब्याच्या अगदी मधल्या भागाला १२१ अंशांवर सुमारे तीन मिनिटं, किंवा त्याच्या तोडीची उष्णता मिळालीच पाहिजे. डबा मोठा असेल तर उष्णता मध्यापर्यंत पोचायला खूप वेळ लागतो. मांस टिकतं ते या उष्णतेमुळे. डबाबंद करण्यासाठी त्यात वेगळं टिकाऊ द्रव्य घालावंच लागतं असं नाही.

दाबपात्रातून काढलेले डबे पाण्याने गार करतात. आतली वाफ निवते, दाब उतरतो आणि डबा बाहेरचं आत ओढू लागतो. शिवणीत केसाएवढी फट असली तरी पाण्याचा थेंब आत जातो. ॲबर्डीनला गेलेल्या मालाच्या कारखान्यात गार करायला क्लोरीन न घातलेलं नदीचं पाणी वापरत होते. त्यातूनच टायफॉइडचे जंतू आत गेले असावेत. पुढे दुकानातल्या कापण्याच्या यंत्रावरून ते इतर मांसालाही लागले.

गार होताना उतरलेला हा दाब आपल्यालाही खूण देतो. चांगल्या डब्याची दोन्ही टोकं सपाट किंवा किंचित आत गेलेली असतात. टोक बाहेर आलेलं असेल, किंवा बोटाने दाबल्यावर टक्‌कन आत जाऊन पुन्हा वर येत असेल, तर आत वायू तयार झाला आहे असं समजावं. जंतू मांस कुजवताना असा वायू सोडतात. फुगवटा थोडा असला तरी डबा टाकून द्यावा.

गळती नेहमी टपकताना दिसत नाही. शिवणीभोवती चिकट डाग, ओलसर लेबल किंवा शेजारच्या डब्यावर उतरलेला ओघळ तिचा पत्ता देतो. पोचा आलेला असेल तर तो कुठे आहे ते पाहावं. मधल्या अंगावरचा उथळ, गोलसर पोचा सहसा चालतो. पण पोचा वरच्या-खालच्या कडेवर किंवा उभ्या सांध्यावर असेल, त्याला टोकदार घडी पडली असेल, किंवा त्यात बोट बसेल इतका खोल असेल, तर डबा घेऊ नये. अशा जागी पत्र्याला किंवा शिवणीला बारीक चीर गेलेली असू शकते. पुसल्यावर जाणारा वरवरचा गंज चालतो. पत्रा खाणारा गंज चालत नाही.

डबा उघडताना हवा आत ओढल्याचा हलका आवाज येणं ठीक आहे. रस बाहेर उसळला, फेस दिसला किंवा उग्र वास आला तर थांबावं. चाखून खात्री करू नये. बोट्युलिझमच्या विषाला वास किंवा चव नसतेही, आणि त्याचा एखादा घासही पुरेसा ठरतो. मांस पुन्हा उकळून वाचवण्याच्याही फंदात पडू नये.

असा डबा न उघडता, गळत असेल तर हातमोजे घालून, दोन पिशव्यांत घट्ट बांधून टाकावा. भटकी जनावरं किंवा कचरा वेचणारी माणसं तो उघडणार नाहीत असं पाहावं. संशयास्पद मांस आधीच खाल्लं असेल आणि एकाची दोन चित्रं दिसू लागली, पापण्या जड झाल्या, जीभ अडखळली किंवा गिळताना त्रास झाला, तर लगेच रुग्णालय गाठावं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगावं.