स्पीड भरपूर, तरी गेम का अडखळतो?

स्पीड टेस्ट ८० एमबीपीएस दाखवते, फोनवर ‘५जी’ झळकत असतं, यूट्यूब एकदाही थांबत नाही. तरी बीजीएमआय किंवा फ्री फायर लावला की समोरचा खेळाडू पळता पळता एकदम दहा पावलं पुढे दिसतो, आपण भिंतीआड जाऊनही गोळी लागते, आणि कोपऱ्यातला पिंगचा आकडा हिरव्याचा लाल होऊन परत हिरवा होतो. घरातले म्हणतात, ‘नेट तर मस्त चाललंय.’ खेळणारा म्हणतो, ‘लॅग आहे.’ दोघंही खरं बोलत असतात, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

स्पीडचा आकडा सांगतो, एका सेकंदात किती डेटा येऊ शकतो. गेमला मुळात डेटा फार लागतच नाही. तासाभराच्या खेळाला १०० एमबी धरले, तर सरासरी पाव एमबीपीएसही होत नाही. म्हणजे ८० एमबीपीएसचं कनेक्शन गरजेच्या तीनशे पटींहून जास्त आहे. टँकर केवढा मोठा आहे याला इथे महत्त्व नाही. घोटभर पाणी ठरलेल्या क्षणी हातात पडतं की नाही, एवढाच प्रश्न आहे. आपली चाल सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी, गेमच्या भाषेत पिंग. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. आणि हा वेळ दर पॅकेटमागे किती खालीवर होतो, तो जिटर.

यातला जिटर जास्त त्रासाचा. का, ते कळायला गेम पडद्यामागे काय करतो ते पाहावं लागतं. समजा, सर्व्हर सेकंदाला २० वेळा, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी, कोण कुठे आहे ते कळवतो. फोनने प्रत्येक खबर आल्या आल्या दाखवली, तर सगळे खेळाडू झटके देत चालतील. म्हणून गेम दुसऱ्या खेळाडूंना मुद्दाम किंचित उशिराने दाखवतो आणि दोन खबरींमधली हालचाल स्वतः भरून काढतो. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘सोर्स’ या प्रसिद्ध इंजिनमध्ये हा उशीर मुळातच १०० मिलिसेकंदांचा ठेवलेला होता. त्यामुळे एखादं पॅकेट हरवलं किंवा रेंगाळलं तरी निभावून जातं. पण लागोपाठ दोन चुकली की शिल्लक संपते. मग गेम समोरचा कुठे गेला असेल याचा अंदाज बांधतो, आणि खरी खबर आली की त्याला उचलून योग्य जागी ठेवतो. आपल्याला दिसते ती उडी.

भिंतीआड लागणारी गोळीही याच हिशेबातली. गोळी झाडणाऱ्याला न्याय मिळावा म्हणून अनेक गेमचे सर्व्हर काळ थोडा मागे नेऊन तपासतात, की झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी शत्रू कुठे दिसत होता. त्याच्या पडद्यावर आपण अजून उघड्यावर असतो. आपल्या पडद्यावर आपण आडोशाला पोचलेले असतो. पिंग ७० वर स्थिर असेल, तर हाताला त्या फरकाची सवय होते आणि खेळाडू नेम तसा धरतो. तोच ४० आणि १५० मध्ये उड्या मारत असेल, तर सवय कशाची करायची?

आता ही गडबड होते कुठे? नागपूरचा खेळाडू आणि मुंबईतला सर्व्हर घेऊ. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. रस्त्याने ८०० किलोमीटरच्या या प्रवासाला जाऊन-येऊन साधारण ८ मिलिसेकंद पुरतात. केबल थोडी वळसे घेत गेली तरी फार भर पडत नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल तर गोष्ट वेगळी. मुंबईहून तिथलं सरळ रेषेतलं अंतरच ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद, आणि ते कुठलंही सिम कमी करू शकत नाही. म्हणून गेममध्ये सर्व्हरचा प्रदेश निवडता येत असेल, तर आधी तो पाहावा. पण दूरच्या सर्व्हरने पिंग वाढतो; तो सतत नाचत असेल तर दोष बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यात, फोन आणि टॉवर यांच्यामध्ये सापडतो.

४जीमध्ये फोनला मनात येईल तेव्हा पॅकेट पाठवता येत नाही. पाठवायला काही आहे असं तो टॉवरला कळवतो, टॉवर त्याला वेळ नेमून देतो, मग पॅकेट निघतं. यात काही मिलिसेकंद जातात. रात्री नऊ-साडेनऊला त्याच टॉवरवर शेकडो फोन व्हिडिओ बघत असतात, तेव्हा पाळी यायला आणखी वेळ लागतो, आणि तो दर वेळी सारखा नसतो. शिवाय हवेत पॅकेट खराब होतात. वेग जास्तीत जास्त मिळावा म्हणून नेटवर्क साधारण दर दहांतलं एक पॅकेट पहिल्या खेपेला फसेल, इतपत जोखीम जाणूनबुजून घेतं. फसलेलं पॅकेट सुमारे ८ मिलिसेकंदांनी पुन्हा पाठवलं जातं आणि क्रम बिघडू नये म्हणून मागची पॅकेट त्याच्यासाठी थांबतात. सिनेमा बघणाऱ्याला हे कळतही नाही. सिग्नल कमजोर असला की या फेऱ्या वाढतात. स्पीड टेस्ट मात्र तेव्हाही बरा आकडा दाखवू शकते.

पण पिंग ५० वरून एकदम ८०० वर गेला, तर चोर बहुधा आपल्याच घरात असतो. गेम चालू असताना फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतो, किंवा हॉटस्पॉटवर जोडलेला भावाचा लॅपटॉप अपडेट घेत असतो. अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो आणि घरात, भिंतीआड तो आणखी घसरतो. समजा, तो २ एमबीपीएस आहे आणि बॅकअपने फोनच्या रांगेत २५० केबी ढकलून ठेवलेत. २५० केबी म्हणजे २ मेगाबिट. ते उपसायला पूर्ण एक सेकंद लागतो. त्या रांगेच्या शेपटाला आपलं ‘गोळी झाड’ हे चिमुकलं पॅकेट उभं असतं. याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. हा शब्द संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी रूढ केला. डेटा वाया जाऊ नये म्हणून उपकरणांमध्ये ठेवलेल्या मोठ्या रांगाच उशिराचं कारण होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. वेगवेगळ्या कामांच्या रांगा वेगळ्या ठेवणारे उपाय आता अनेक राउटरमध्ये आलेत, पण फोनच्या हॉटस्पॉटमध्ये ते असतील असं धरून चालता येत नाही.

आपल्या नेटची ही बाजू मोजता येते. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाच्या ॲपमध्ये ही ओळ टाकावी:

```
ping -i 0.2 -c 100 8.8.8.8
```

गुगलच्या सर्व्हरकडे सेकंदाला पाच या हिशेबाने १०० पॅकेट जातात आणि वीस सेकंदांत काम होतं. नुसतं ping लिहिलं तर सेकंदाला एकच पॅकेट जातं. मधल्या वेळात फोन बॅटरी वाचवायला डुलकी घेतो आणि आकडे फुगतात. गेममध्ये पॅकेट सतत वाहत असल्याने तसं होत नाही. म्हणून 0.2 हवंच.

समजा, दोन सिम तपासली आणि त्यातले सलग दहा आकडे असे आले. पहिलं सिम: ४२, ४४, ४१, ९६, ४३, ४५, १४८, ४२, ४४, ४१. दुसरं: ७१, ७३, ७०, ७२, ७४, ७१, ७०, ७३, ७२, ७१. पहिल्याची सरासरी ५९ च्या आत, दुसऱ्याची ७२ च्या जवळ. सरासरी बघणारा पहिलं घेईल. आता शेजारशेजारच्या आकड्यांमधला फरक काढून त्याची सरासरी घ्या. पहिल्याचा जिटर येतो जवळजवळ ३७ मिलिसेकंद, दुसऱ्याचा फक्त २. खेळायला दुसरं सिम चांगलं. ९६ आणि १४८ ही दोन पॅकेटच पहिल्या सिमवरचा सामना बिघडवायला पुरेशी आहेत. शेवटच्या सारांशात ‘packet loss’ समोर शून्याहून जास्त टक्के दिसले, तर तेही लक्षात घ्यावं. न पोचलेलं पॅकेट म्हणजे सगळ्यात मोठा उशीर.

हीच चाचणी तीनदा केली की दोष कुठे आहे ते उलगडतं. एकदा सगळे बॅकअप आणि अपडेट बंद ठेवून, एकदा मुद्दाम मोठा व्हिडिओ अपलोड करत, आणि एकदा पहाटे. अपलोड करतानाच आकडे शेकड्यांत गेले, तर रांग तुंबते आहे. गेम खेळताना बॅकग्राउंड डेटा बंद करणं, हॉटस्पॉटवरून बाकीच्यांना उतरवणं, एवढ्यानेच काम होतं. पहाटे ठीक आणि रात्री वाईट, तर टॉवरवर गर्दी आहे. ती आपल्या हातात नाही, दुसऱ्या कंपनीचं सिम तपासणं हाच मार्ग. सगळ्याच वेळी उड्या असतील, तर खिडकीशी बसून पुन्हा मोजावं. फोन ४जी-५जी मध्ये सारखा अदलाबदल करत असेल, तर सेटिंगमध्ये नुसतं ४जी ठेवून पाहावं. स्थिर ४जी हे डळमळत्या ५जीपेक्षा खेळायला बरं. लॅपटॉपवर खेळताना वायफाय हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने जोडलं की हवेतला एक टप्पा कमी होतो. आणि हे आकडे स्थिर असूनही गेममध्येच पिंग नाचत असेल, तर गडबड पुढे, गेमच्या वाटेवर किंवा त्याच्या सर्व्हरवर आहे.

‘पिंग बूस्टर’ म्हणून विकली जाणारी ॲप बहुधा व्हीपीएन असतात. कंपनीचा सर्व्हरपर्यंतचा रस्ता उगाच लांबचा असेल, तर त्यांचा क्वचित उपयोग होतो. फोन आणि टॉवर यांच्यातला उशीर ती कमी करू शकत नाहीत. उलट वाटेत आणखी एक थांबा वाढवतात.

म्हणून गेमसाठी सिम निवडताना जाहिरातीतला एमबीपीएस बाजूला ठेवावा. जिथे बसून खेळता तिथेच, ज्या वेळी खेळता त्याच वेळी, प्रत्येक सिमवर १०० पॅकेट पाठवावीत आणि त्यातले सगळ्यात वाईट पाच आकडे पाहावेत. ज्याचे वाईट पाच सगळ्यात कमी वाईट, ते सिम घ्यावं.