एका रेघेचे अक्षर

पेन प्लॉटर म्हणजे संगणकाच्या हुकमाने कागदावर पेन फिरवणारे यंत्र. त्यात साधे जेल पेन अडकवा आणि नेहमीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘नमन’ हा शब्द लिहायला द्या. आपण ‘न’चा काना वरून खाली एका ओढीत काढतो. यंत्र मात्र कान्याच्या एका कडेने खाली येते, तळाशी वळते आणि दुसऱ्या कडेने वर जाते. शब्द पूर्ण होतो तेव्हा कागदावर पोकळ अक्षरे उमटलेली असतात.

यात यंत्राची काही चूक नाही. नेहमीच्या फॉन्टमध्ये अक्षराची रेघ साठवलेलीच नसते, फक्त त्याच्या कडा असतात. भिंतीवर पाटी रंगवणारा पेंटर आधी अक्षराची कड आखतो आणि मग आत रंग भरतो. तसेच पडदा आणि प्रिंटर ही कड घेऊन आतला भाग ठिपक्यांनी भरून काढतात. पेनाला मात्र कड दिली की ते कडच गिरवते. काना 0.8 मिलिमीटर जाड आणि पेनाची रेघ 0.5 मिलिमीटरची असेल, तर मध्ये 0.3 मिलिमीटरची पांढरी फट राहते. अक्षर आणखी लहान केले, तर दोन्ही कडा एकमेकींवर चढतात, शाई दुप्पट पडते आणि कागद उसवतो.

लेझरने अक्षर भरता येते, पण त्याला वेळ लागतो. ‘नमन’ 5 मिलिमीटर उंच आणि 15 मिलिमीटर रुंद आहे असे धरू. ओळींमध्ये 0.1 मिलिमीटर अंतर ठेवले, तर लेझरला शब्दावरून आडव्या 50 फेऱ्या माराव्या लागतात, म्हणजे 750 मिलिमीटरचा प्रवास, शिवाय प्रत्येक फेरीनंतर थांबून उलट वळणे आलेच. हाच शब्द हाताने लिहितो तसा लिहिला, तर सगळ्या रेघांची लांबी जेमतेम 50 मिलिमीटर भरते.

असे लिहिता यावे म्हणून एकरेषी फॉन्ट असतात. त्यांत कड नसते, पेनाचा मार्ग असतो: इथे टेक, तिथवर ने, उचल. रेघेची जाडी पेनाच्या टोकावर किंवा लेझरच्या ठिपक्यावर ठरते. यातला सर्वांत प्रसिद्ध संच अमेरिकेच्या नौदलाच्या डालग्रेन येथील प्रयोगशाळेत डॉ. ॲलन हर्शी यांनी तयार केला आणि 1967 साली प्रसिद्ध झाला. रोमन, ग्रीक, रशियन आणि जपानी अक्षरे त्यांनी सरळ रेषांच्या तुकड्यांनी बांधली. इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममधले Hershey Text त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

फॉन्ट निवडताना एक फसगत होते. TTF प्रकारच्या फाइलमध्ये प्रत्येक आकृती बंद असावी लागते. शेवटचा बिंदू पहिल्याला आपोआप जोडला जातो. म्हणून ‘एकरेषी’ म्हणवणाऱ्या काही TTF फॉन्टमध्ये रेघ जाते आणि त्याच वाटेने परत येते. डोळ्याला एकच रेघ दिसते, पण लेझर तिच्यावरून दोनदा फिरतो आणि लाकूड अपेक्षेपेक्षा काळे पडते. खरी उघडी रेघ ठेवता येते ती SVG फॉन्टमध्ये किंवा ऑटोकॅडच्या SHX फाइलमध्ये.

देवनागरीची अडचण वेगळी आहे. हर्शींच्या संचात ती नाही. शिवाय एकेका अक्षराचे चित्र नुसते ओळीने मांडून मराठी होत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी यावी लागते, जोडाक्षरे जुळवावी लागतात. प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेघ दिली, तर सांध्यावर दोन रेघा एकमेकींवर येतात आणि तिथे जास्त जळलेला ठिपका उठतो.

यावरचा उपाय आपण शाळेतच शिकलो आहोत: आधी अक्षरे लिहायची, मग शब्दभर एकच रेघ ओढायची. इंकस्केपमध्ये नेहमीच्या फॉन्टमधला शब्द फिका करून ठेवा. त्याच्या मधोमध पेन टूलने एकेक रेघ गिरवा आणि शिरोरेघ शेवटी अखंड काढा. Trace Bitmap मधला Centerline tracing हा पर्याय मधली रेघ आपोआप शोधतो, पण गाठ आणि काना जिथे मिळतात तिथे ती वाकडी करतो. ते सांधे हाताने सुधारावे लागतात.

काम यंत्राला देण्याआधी रेघेवरचे बिंदू उघडून पाहा. सुट्या सरळ कान्याला दोनच टोके असावीत. चार बिंदू दिसले, तर ती कड आहे. तीन असून पहिला आणि शेवटचा एकाच जागी असेल, तर रेघ परत फिरते आहे. मग पुठ्ठ्यावर एक शब्द काढून पाहा आणि त्यानंतरच चांगल्या लाकडाला हात घाला.