एका स्लाइडवर एकच गोष्ट

पावसाळा लागला की आरोग्य खात्याच्या आणि सर्पमित्रांच्या इन्स्टाग्राम पानांवर सर्पदंशाच्या पोस्ट दिसू लागतात. त्यातल्या बऱ्याच पोस्टमध्ये एकाच चित्रावर दहा-बारा सूचना बारीक अक्षरांत कोंबलेल्या असतात. माहिती खरी असते, कळकळही खरी असते, पण वाचतं कोण?

अशा मजकुरासाठी कॅरोसेल ही सोय चांगली आहे. एकाच पोस्टमध्ये ओळीनं स्लाइड लावायच्या आणि वाचणाऱ्यानं बोटानं एकेक सरकवत जायचं. इन्स्टाग्रामनं ही सोय २०१७ मध्ये दिली तेव्हा मर्यादा दहा स्लाइडची होती, २०२४ मध्ये ती वीसवर गेली. जागा वाढली म्हणून ती भरलीच पाहिजे असं मात्र नाही. सर्पदंशाला सात पुरतात. त्या सात कशा लिहायच्या, ते पाहू.

आधी कच्चा मजकूर: ‘साप चावल्यास घाबरू नये, दोरी बांधू नये, जखम कापू नये व चोखू नये, अंगठी काढावी, हालचाल टाळावी व रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.’ एका वाक्यात सात सूचना आहेत आणि सगळ्यात महत्त्वाची शेवटी. हे वाक्य सात ठिकाणी तोडून सात स्लाइड केल्या तर ते कॅरोसेल होत नाही, नुसती यादी होते. ओळखायची खूण सोपी आहे. स्लाइडचा क्रम बदलून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर एक स्लाइड दुसरीला बांधलेलीच नव्हती, आणि वाचणारा कुठेही थांबायला मोकळा आहे.

पहिली स्लाइड मी अशी लिहीन: ‘साप चावला? १०८ ला फोन करा, सरळ रुग्णालय गाठा. वाटेत मात्र तीन गोष्टी करू नका.’ यात मुख्य सूचना सांगून झाली. जो इथेच थांबला, त्यालाही हवं ते मिळालं. पण ‘तीन गोष्टी’ म्हटल्यावर त्या कोणत्या, हे बघायला बोट सरकतंच. पुष्कळ जण ‘साप चावल्यावर सर्वांत आधी काय कराल? उत्तर शेवटच्या स्लाइडवर’ असं लिहून ओढ लावतात. पाककृतीत हे खपून जाईल. जिवाच्या प्रश्नात उत्तर दडवून ठेवणं मला साफ नामंजूर आहे. ओढ लावायची ती तपशिलाची. मुख्य गोष्ट हातात ठेवूनच वाचणाऱ्याला पुढं न्यायचं.

दुसरी स्लाइड दोरीची. इथं बरेच जण फसतात. त्यांना वाटतं, एका स्लाइडवर एकच गोष्ट म्हणजे एकच वाक्य. मग एका स्लाइडवर मोठ्या अक्षरांत येतं, ‘दंशाच्या वर दोरी करकचून बांधा?’ आणि पुढच्या स्लाइडवर, ‘चूक!’ दिसायला झकास. पण लोक एकेका स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. त्यातली पहिली तेवढी गावच्या ग्रुपवर गेली, की प्रश्नचिन्हाकडे कोण बघतो? तिथं दोरी बांधायचा सल्लाच पोचतो. म्हणून गैरसमज आणि त्याचं उत्तर एकाच स्लाइडवर हवं, आणि उत्तर आधी हवं: ‘दोरी आवळू नका. रक्त थांबून हात किंवा पाय गमवावा लागू शकतो.’ वाक्यं दोन, गोष्ट एकच: काय करू नये आणि का. स्लाइड एकटी सुटली तरी तिनं घात करता कामा नये, हा नियम मी ओढीच्याही वर ठेवतो.

तिसरी: ‘जखम कापू नका, चोखू नका. विष असं बाहेर येत नाही.’ कापणं आणि चोखणं या क्रिया दोन असल्या तरी त्यामागचा समज एकच, विष बाहेर काढता येतं हा. म्हणून त्या एकत्र राहू शकतात. दोन सूचनांचं कारण एक असेल तर स्लाइड एक. कारणं वेगळी असतील तर स्लाइडही वेगळ्या.

चौथी: ‘साप मारायला किंवा पकडायला थांबू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच आहे.’ ‘साप दाखवल्याशिवाय डॉक्टर लस देत नाहीत’ हा समज पक्का रुजलेला आहे. ‘मारू नका’ एवढं म्हणून तो हलत नाही, एका लसीचं कारण दिलं की हलतो.

तिन्ही ‘नका’ संपले. आता वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतं, मग करायचं काय? हा प्रश्न त्याला पडण्याच्या जागीच पाचवी स्लाइड येते: ‘चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. फळी लावून सैल बांधा. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा.’ दागिने का, तर सूज चढते. स्लाइडच्या तळाशी ‘पुढे सरकवा’ आणि बाण काढायची गरज पडत असेल, तर मजकुरातच ओढ कमी पडली आहे असं समजा.

सहावी स्लाइड सगळ्यांत महत्त्वाची: ‘खूण दिसत नाही, दुखत नाही. तरी मण्यार चावलेली असू शकते.’ खाली एकच ओळ: ‘रात्री जमिनीवर झोपलेल्याचं पोट दुखू लागलं, पापण्या मिटू लागल्या, तर थांबू नका.’ आतापर्यंतच्या स्लाइड साप चावल्याचं कळलंय असं धरून होत्या. ही म्हणते, कळणारच नाही असंही होतं. म्हणून तिची जागा उशिरा. तीच दुसऱ्या क्रमांकावर ठेवली असती, तर दोरीचा मुद्दा मागे पडला असता.

दुसऱ्या स्लाइडबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. पोस्ट एकदा समोर येऊन कुणी सरकवली नाही, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा दाखवताना कधी कधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणजे दुसरी स्लाइडही मुखपृष्ठच. ‘पहिली गोष्ट म्हणजे तसं करू नये’ असं तिथं असेल, तर नव्या वाचकाला काय कळणार? ‘दोरी आवळू नका’ मात्र कुठूनही कळतं. फक्त वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘साप चावल्यावर’ एवढं प्रत्येक स्लाइडवर ठेवा.

मराठी अक्षरांचीही एक अडचण आहे. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, वेलांट्या एकमेकांत अडकतात, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं आणि जागा लवकर संपते. एका स्लाइडवर वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलात, की अक्षर लहान करावं लागतं. तिथं अक्षर नाही, मजकूर कमी करायचा. फोन हातभर लांब धरून वाचा; डोळे बारीक करावे लागले तर एखादं वाक्य काढा. काढलेलं वाक्य पोस्टखालच्या कॅप्शनमध्ये जाऊ शकतं. तिथं २,२०० अक्षरांची सोय आहे, पण न उघडता सुरुवातीच्या ओळीच दिसतात. म्हणून स्लाइडवरचंच पुन्हा लिहून त्या ओळी वाया घालवू नका. कोणत्या रुग्णालयात लस आहे, हे तिथं पहिल्या ओळीत येऊ द्या.

सातव्या स्लाइडवर ‘आवडलं तर फॉलो करा’ लिहायची रीत पडली आहे. ही पोस्ट करणार असाल तर ती मोडा. त्या जागी १०८ आणि तालुक्याच्या रुग्णालयाचा नंबर द्या, आणि छापण्याआधी तो नंबर स्वतः लावून पाहा.