एकाच दंडावर दोन अक्षरे

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे बोधचिन्ह ॲलन फ्लेचर या आरेखनकाराने १९८९ साली केले. बोडोनी वळणाची दोन मोठी अक्षरे, व्ही आणि ए, आणि त्यांच्यामध्ये & ही खूण, एवढाच ऐवज. फ्लेचरने ‘ए’चा डावा पाय काढून टाकला आणि त्याची आडवी रेघ शेजारच्या & च्या टोकाकडून भरून घेतली. अर्धे अक्षर गायब आहे, तरी वाचणाऱ्याला ते पूर्णच दिसते. हे चिन्ह संग्रहालयाचे असले, तरी मुळात ती एका जोडप्याचीच आद्याक्षरे आहेत. व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट यांचे लग्न १८४० साली झाले, आणि १८९९ साली संग्रहालयाला दोघांचे नाव मिळाले. मुंबईत भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालयही १९७५ पर्यंत याच नावाने ओळखले जाई.

हल्ली लग्नपत्रिकेवर, मांडवाच्या पडद्यावर, पाकिटाच्या लाखेवर वधूवरांच्या आद्याक्षरांचा मोनोग्राम असतो. बहुतेक ठिकाणी तो दोन नक्षीदार रोमन अक्षरे एकमेकांवर ठेवून उरकलेला दिसतो. फ्लेचरच्या चिन्हात मात्र एका अक्षराचा अवयव दुसऱ्याकडून उसना घेतलेला आहे, आणि त्यामुळेच दोन्ही अक्षरे खरोखर एक होतात. या कामाला देवनागरी अतिशय अनुकूल आहे. शिरोरेखा आणि उभा दंड हे दोन अवयव तिच्या कितीतरी अक्षरांत सारखेच आहेत. वाटून घेण्यासारखे काहीतरी आधीपासूनच हाताशी असते.

उदाहरणादाखल एकाचे आद्याक्षर ‘प’ आणि दुसऱ्याचे ‘म’ घेऊ. ‘प’च्या उजवीकडे सरळ दंड आहे. ‘म’च्या डावीकडेही एक उभी रेघ आहे. ती खाली गाठीत वळते आणि तिथून आडवी रेघ उजव्या दंडाला जाऊन मिळते. म्हणजे ‘प’चा दंड हाच ‘म’चा डावा पाय होऊ शकतो. कल्पना सुचायला क्षणभर पुरतो, पण इथेच पहिली अडचण उभी राहते. दोन्ही अक्षरे एकाच शिरोरेखेवर ठेवून दंड एकावर एक आणला, तर वाचणारा ‘प’ आणि ‘म’ असे वाचत नाही, ‘प्म’ असे वाचतो. दंड गाळून पुढच्या अक्षराला चिकटणे ही देवनागरीत जोडाक्षराची रीतच आहे. शिवाय ‘म’ची गाठ ‘प’च्या पोटाच्या खालच्या वळणावर आदळते आणि तिथे काळा गठ्ठा होतो.

उपाय सोपा आहे: ‘म’ खाली उतरवायचा. शिरोरेखा दोन वेगळ्या उंचीवर आल्या की जोडाक्षराचा भास जातो आणि नजर पायरी उतरल्यासारखी पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर येते.

हे करायला मोफत मिळणारे इंकस्केप पुरते. इलस्ट्रेटर किंवा छापखान्यातल्या ओळखीच्या कोरल ड्रॉमध्येही हीच अवजारे आहेत, फक्त नावे वेगळी. इंकस्केप ज्याला Union म्हणते, त्याला कोरल Weld म्हणते. टाइप सारख्या जाडीचा घ्यावा. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’ यासाठी चांगला आहे, आणि त्याचा परवाना खुला असल्यामुळे तो असा वापरायला हरकत नसते. नाजूक-जाड रेघांचा बोरूच्या वळणाचा टाइप दिसायला सुंदर असतो, पण त्यात दंड आणि ‘म’चा डावा पाय यांच्या जाडीत बराच फरक पडतो आणि सांधा लपत नाही.

‘पम’ असे टाइप करून Path > Object to Path ही आज्ञा द्यायची. अक्षरे आता मजकूर राहत नाहीत, बिंदूंनी बांधलेल्या बाह्यरेषा होतात. ‘फॉन्ट कर्व्ह करून द्या’ असे छापखानेवाले सांगतात ते हेच. गट सोडवला की दोन्ही अक्षरे सुटी होतात. दोन्हींची उंची १०० मिलिमीटर ठेवली तर पुढचा हिशेब सोपा जातो. दंडाची जाडी समजा १० मिलिमीटर आली. आता ‘म’ डावीकडे सरकवून त्याच्या डाव्या पायाची डावी कड ‘प’च्या दंडाच्या डाव्या कडेशी जुळवायची, आणि वरच्या पट्टीतल्या Y च्या खान्यात ४५ मिलिमीटर वाढवून तो खाली घ्यायचा. चिन्हाची एकूण उंची १४५ मिलिमीटर होते. ‘म’ची गाठ आता ‘प’च्या दंडाच्या शेवटाखाली, मोकळ्या जागेत येते.

४५ हा आकडा डोळ्यांनी ठरतो, आणि टाइपागणिक तो बदलेल. ‘प’चे पोट दंडाला साधारण ६५ मिलिमीटरवर मिळते असे धरू. ‘म’ नेमका तितकाच खाली घेतला, तर पोटाची खालची रेघ आणि ‘म’ची शिरोरेखा एका ओळीत येतात आणि दंडाला आरपार छेदणारी एकच आडवी पट्टी दिसू लागते. अक्षरे तिथेच हरवतात. दोन सांध्यांत निदान दीड-दोन दंडांइतके अंतर हवे.

पडद्यावर काळ्यावर काळे असल्यामुळे इथेच काम झाल्यासारखे वाटते, पण खरे काम पुढेच आहे. View > Display Mode > Outline असे पाहिले की रंग जातो आणि नुसत्या बाह्यरेषा उरतात. मग तीन गोष्टी दिसतात. ‘म’च्या शिरोरेखेचा डावा तुकडा दंडाच्या पलीकडे, ‘प’च्या बाजूला, डोकावतो आहे. ‘म’चा पाय दंडापेक्षा मिलिमीटरभर बारीक आहे, त्यामुळे ‘प’चा दंड १०० वर संपतो तिथे उजव्या कडेला बारीकशी पायरी पडली आहे. आणि दंडाच्या पोटात दुसऱ्या अक्षराच्या रेषा अजून जशाच्या तशा आहेत.

डोकावणारा तुकडा कापायला त्याच्यावर एक चौकोन काढायचा. चौकोनाची उजवी कड दंडाच्या डाव्या कडेला टेकलेली हवी. मग चौकोन आणि ‘म’ दोन्ही निवडून Path > Difference. या आज्ञेत वर असलेली वस्तू खालच्या वस्तूला कापते. त्यामुळे चौकोन आधी काढलेला असेल आणि ‘म’ त्याच्यावर असेल, तर ‘म’च नाहीसा होतो आणि चौकोनात त्याचे छिद्र उरते. असे झाले की ती आज्ञा मागे घ्यायची आणि चौकोन सर्वांत वर आणून ती पुन्हा द्यायची. पायरी घालवायला बिंदूंच्या अवजाराने ‘प’च्या दंडाचे तळचे दोन बिंदू धरायचे आणि कंट्रोलची कळ दाबून सरळ खाली, ‘म’च्या आडव्या रेघेच्या जाडीत बुडेपर्यंत ओढायचे. दंड आता वरपासून गाठीपर्यंत एकाच जाडीचा झाला.

यानंतरच Path > Union. त्याआधी सुट्या अक्षरांची एक प्रत बाजूला ठेवावी. एकत्र झालेली अक्षरे फाइल बंद केल्यावर पुन्हा सुटी होत नाहीत, आणि ‘म जरा वर घ्या’ असे घरचे कोणीतरी हमखास म्हणते. २०२३ साली आलेल्या इंकस्केप १.३ मध्ये Shape Builder नावाचे अवजारही आहे. दोन्ही अक्षरे निवडून ते उघडले की एकमेकांवर येणाऱ्या भागांचे तुकडे दिसतात. माऊस ओढत नेला की ते जोडले जातात, शिफ्ट दाबून टिचकी मारली की तुकडा उडतो. नवख्याला हे सोपे जाते. मात्र नुसत्या डोळ्याला न दिसणारा एखादा बारीक कपटा राहून जातो, म्हणून शेवटी बाह्यरेषांचे दृश्य पाहणे त्यातही चुकत नाही.

अक्षरे एकत्र न करता एकावर एक ठेवली तर काय बिघडते? कागदावर छापताना एकाच रंगात काहीच बिघडत नाही. मांडवासाठी तेच चिन्ह सनबोर्डात किंवा ॲक्रिलिकमध्ये लेझरने कापायला दिले की बिघडते. लेझरला रंग कळत नाही, तो प्रत्येक बाह्यरेषेवरून जातो. दंडाच्या आत लपलेली रेषाही तो कापतो आणि ‘प’ व ‘म’ दोन तुकडे होऊन हातात येतात. व्हिनाइल कापणाऱ्या प्लॉटरचेही तसेच.

दोन रंग हवे असतील तर मात्र Union उपयोगाचे नाही. समजा ‘प’ कुंकवाच्या रंगाचा, ‘म’ हळदीचा, आणि सामाईक दंड सोनेरी हवा आहे. मग Path > Division वापरून अक्षरांचे तुकडे करायचे आणि दंडाचा तुकडा वेगळा रंगवायचा. सोनेरी फॉइल वेगळ्या साच्याने दाबले जाते, आणि कागद केसभर सरकला तरी दोन तुकड्यांमध्ये पांढरी फट दिसते. म्हणून खालचे रंगीत भाग सोनेरी दंडाखाली थोडे आत शिरू द्यावेत. किती, ते छापणाऱ्याला विचारून ठरवावे, कारण ते त्याच्या यंत्रावर अवलंबून असते.

सगळ्यात कडक परीक्षा घेते ती लाखेची मोहोर. २५ मिलिमीटर व्यासाच्या मोहरेत हे चिन्ह साधारण १५ मिलिमीटर उंच बसते. दंड तेव्हा जेमतेम १ मिलिमीटरचा राहतो. मूळ आकारात ‘म’च्या गाठीतले छिद्र ६ मिलिमीटरचे असेल, तर मोहरेवर ते ०.६ मिलिमीटर होते आणि लाखेत बुजते. गाठ मग नुसता ठिपका होते आणि ‘म’ ओळखू येईनासा होतो. त्यामुळे मोहरेसाठी वेगळी प्रत लागते. तिच्यात छिद्राचे बिंदू बाहेर ओढून ते जवळपास दुप्पट करायचे, आणि गाठीची बाहेरची कडही थोडी फुगवायची. पत्रिकेच्या आकारात ही प्रत बेढब दिसते, म्हणून दोन्ही प्रती स्वतंत्र नावांनी ठेवाव्यात.

मोहोर उमटते ती उलटी, म्हणून साचा आरशातल्यासारखा लागतो. इंकस्केपमध्ये चिन्ह निवडून H दाबले की ते डावे-उजवे उलटते. पण मोहोर करणारे कारागीर बहुधा स्वतःच उलटवून घेतात. फाइल सुलट पाठवली आहे की उलटवून, हे तिच्यासोबत शब्दांत लिहून द्यावे, म्हणजे ती दोनदा उलटली जाऊन ‘प’ डावीकडचा उजवीकडे जाणार नाही.