काचेवर हरवलेला बत्तीस टक्के प्रकाश

काचेवर सरळ, म्हणजे पृष्ठभागाला लंब पडणाऱ्या प्रकाशाचे गणित करू. साध्या काचेचा अपवर्तनांक 1.5 धरला, तर परावर्तन गुणांक 0.2 येतो (चिन्ह तूर्त बाजूला ठेवू) आणि पारगमन गुणांक 0.8. बेरीज एक भरते, म्हणून विद्यार्थी खूश होतो. मग ऊर्जा काढायला तो दोन्हींचे वर्ग करतो: 0.04 आणि 0.64. बेरीज 0.68. उरलेला 32 टक्के प्रकाश गेला कुठे? ‘काचेने शोषला’ हे उत्तर हमखास ऐकू येते आणि ते साफ चूक आहे. या सूत्रांत काच काहीच शोषत नाही असे आधीच गृहीत धरलेले असते.

चूक वर्ग करण्यात नाही, वर्ग करून थांबण्यात आहे. फ्रेनेलचे गुणांक लहरीच्या विद्युत क्षेत्राचा आयाम सांगतात, ऊर्जा नव्हे. परावर्तित प्रकाश हवेतच राहतो, त्यामुळे तिथे नुसता वर्ग चालतो. आत गेलेल्या प्रकाशाचे माध्यम मात्र बदललेले असते. आयाम तोच असला तरी काचेतली तीव्रता हवेतल्यापेक्षा 1.5 पट असते. 0.64 ला 1.5 ने गुणा, 0.96 मिळतात. चार टक्के परतला, शहाण्णव आत गेला, हिशेब जुळला.

‘पारगमन गुणांक एकपेक्षा मोठा असूच शकत नाही’ हा समजही इथेच कोसळतो. प्रकाश काचेतून हवेत सरळ बाहेर पडताना हा गुणांक 1.2 असतो. वर्ग 1.44, पण आता दीडने भागायचे, आणि पुन्हा 0.96.

तिरप्या प्रकाशाकडे वळले की ध्रुवणाच्या दोन दिशा वेगळ्या वागू लागतात. येणारा किरण आणि स्तंभिका ज्या प्रतलात असतात त्या प्रतलाला विद्युत क्षेत्र लंब असेल तर s, प्रतलातच असेल तर p. आपतन कोन 56.3 अंश घ्या. किरण काचेत 33.7 अंशांवर वळतो. दोन्ही कोनांची बेरीज बरोबर 90 भरते, म्हणजे परावर्तित किरण निघालाच तर तो काचेतल्या किरणाशी काटकोन करील. p प्रकाशाने काचेतले विद्युतभार नेमके त्या परावर्तित किरणाच्याच दिशेने हलतात, आणि हलणारा भार आपल्या हालचालीच्या रेषेत प्रकाश सोडत नाही. म्हणून p चे परावर्तन शून्य. हा ब्रूस्टरचा कोन; नियम 1815 चा.

आता सांगा, p चे काहीच परतत नसेल तर त्याचा पारगमन गुणांक किती? ‘एक’ असे उत्तर जवळजवळ सगळे देतात. प्रत्यक्षात तो 0.667 आहे. वर्ग 0.444. इथे माध्यमाच्या दीडपटीसोबत आणखी एक दीडपट लागते, कारण तिरपी शलाका काचेत शिरताना दीडपट रुंद होते. दोन्ही मिळून 2.25, आणि 0.444 गुणिले 2.25 म्हणजे पूर्ण एक. याच कोनाला s चा परावर्तन गुणांक 0.385 आणि पारगमन गुणांक 0.615: सुमारे 14.8 टक्के परत, 85.2 टक्के आत.

या आकड्यांतच आणखी एका गैरसमजाचे उत्तर आहे. ब्रूस्टरच्या कोनाला ‘प्रकाश ध्रुवित होतो’ म्हणतात ते परावर्तित प्रकाशापुरतेच खरे. तो पूर्ण ध्रुवित असतो, पण क्षीण: अध्रुवित प्रकाशाचा जेमतेम 7.4 टक्के. आत गेलेल्यात p 100 आणि s 85.2 या प्रमाणात असतात, म्हणजे ध्रुवण फक्त आठ टक्क्यांच्या आसपास. ते वाढवायचे तर काचांची चळतच लागते.

चिन्हाबद्दल एकच सांगतो. सरळ आपतनाला s आणि p यांत भौतिक फरकच उरत नाही, तरी एका पुस्तकात p चा गुणांक +0.2 तर दुसऱ्यात −0.2 दिसतो. दोन्ही बरोबर, परावर्तित किरणाच्या क्षेत्राची धन दिशा कुठली मानली एवढाच फरक. सूत्र उचलण्याआधी त्या पुस्तकातली आकृती पाहावी.

दुकानाच्या काचेतले प्रतिबिंब पोलरायझर फिल्टरने घालवू पाहणारे छायाचित्रकार अनेकदा काचेसमोर अगदी सरळ उभे राहतात. तिथे दोन्ही दिशांचे चार-चार टक्केच परततात, त्यामुळे फिल्टर कितीही फिरवा, प्रतिबिंब जात नाही. 45 अंशांना s चे 9.2 टक्के परततात, p चे एक टक्काही नाही. तिथे फिल्टर कामाला येतो. उत्तम जागा 56 अंशांची. फक्त हा कोन स्तंभिकेपासून मोजायचा, काचेपासून मोजलात तर तो 34 आहे.