आजींची पोटरी आणि राहिलेली कवळी

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आज एका आजींची गोष्ट सांगते. वय चौऱ्याहत्तर, न्हाणीत पाय घसरून डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी गेले. सूनबाई म्हणाल्या, "जेवण तसं कमीच आहे हो त्यांचं, वय झालंय ना."

वयामुळे भूक थोडी मंदावते हे खरं. पण हे वाक्य ऐकलं की मी थांबते आणि सहा प्रश्नांचा कागद काढते. त्याला 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट' म्हणतात. एकूण गुण 14. बारा किंवा जास्त असतील तर ठीक, आठ ते अकरा म्हणजे धोका, सात किंवा कमी म्हणजे कुपोषण.

गेल्या तीन महिन्यांत जेवण घटलं का? थोडं घटलं होतं, एक गुण. वजन उतरलं का? कुणालाच सांगता येईना, म्हणून एक गुण. सून एवढंच म्हणाली, की बांगड्या हातातून गळून पडायला लागल्यात. चालणं? खाटेवरच, शून्य. मोठं आजारपण? आहे, तिथेही शून्य. स्मरण आणि मन ठीक, दोन गुण. सहावा प्रश्न उंची-वजनाचा, पण आजींना उभं कसं करणार? अशा वेळी पोटरी मोजतात. चांगल्या पायाचा गुडघा वाकवून, पोटरी जिथे सगळ्यात जाड तिथे टेप न आवळता धरायची. 31 सेंटिमीटरच्या खाली आली तर शून्य. आजींची 29 भरली. बेरीज झाली चार.

पायाला सूज असेल तर हे माप फसवं येतं, हे लक्षात ठेवा. आणि रक्तातलं अल्ब्युमिन कमी आलं म्हणजे कुपोषण, असंही नाही. जखम, ऑपरेशन, जंतुसंसर्ग झाला तरी ते उतरतं.

मग आजी घरी काय खात होत्या ते विचारलं. दोनदा चहा-बिस्किट, अर्धी भाकरी, मूठभर भात, वरणाचं वरचं पाणी, रात्री पातळ खिचडी. सगळं धरून प्रथिनं जेमतेम 18 ग्रॅम. आठ महिन्यांपूर्वीच्या एका केसपेपरवर वजन 48 किलो होतं, मी आता 45 धरलं. हाड भरायचं, स्नायू टिकवायचे, तर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात. म्हणून साठच्या आसपास ठरवलं. मूत्रपिंडाचा रिपोर्ट आधी बघितला, तो चांगला होता. ते बिघडलेलं असेल तर हे माप डॉक्टरांना विचारूनच ठरतं.

आजी अंडं खात नाहीत. सकाळी पेलाभर दुधात दोन चमचे दुधाची पावडर, अकरा ग्रॅम. नऊला मुगाच्या डाळीची दोन लहान धिरडी, नऊ. दुपारी मऊ भात, घट्ट वरण आणि वाटीभर दही, तेरा. चारला ताकात डाळ्याचं पीठ आणि गूळ, सहा. रात्री डाळ-तांदूळ निम्मेनिम्मे घातलेली खिचडी, वर कुस्करलेलं पनीर, पंधरा. झोपताना दूध, पाच. झाले एकोणसाठ. तूप प्रत्येक जेवणात, कारण उष्मांक कमी पडले तर शरीर प्रथिनंच जाळतं.

आजी थोडंथोडं का होईना, पण रोज खात होत्या, म्हणून दोन दिवसांत पूर्ण बेतावर आणता आलं. पाच-सात दिवस काहीच पोटात नसेल, तर एकदम भरपूर देऊ नये. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने उतरून जिवावर बेततं. तिथे निम्म्याहून कमी प्रमाणाने सुरुवात करतात आणि रोज रक्त तपासतात.

बेत कागदावर छान होता. तिसऱ्या दिवशी नर्सताईंनी परत आलेली ताटं लिहून ठेवलेली दाखवली: धिरडी तशीच, पनीर तसंच. पोटात गेलेले ग्रॅम तीससुद्धा नव्हते. मी आजींना विचारलं, "आवडत नाही का?" त्या हळूच म्हणाल्या, "बाई, दात घरी राहिले." पडल्याच्या गडबडीत कवळी फडताळात राहिली होती आणि चार दिवस कुणालाच, मलाही, ते सुचलं नव्हतं! शिवाय साडेअकराला पाहुणे प्रेमाने शहाळं पाजत, मग बाराला भूक कुठली?

संध्याकाळी कवळी आली. शहाळं बंद करून त्या वेळी काही द्यायचं नाही असं ठरलं. धिरडं ताकात भिजवून द्यायला लागलो. सहाव्या दिवशी पन्नास ग्रॅम पोटात गेले, घरी जाताना पंचावन्न. साठ काही झाले नाहीत, पण वॉकर धरून आजी दारापर्यंत चालल्या.

पोटरी आठवड्यात वाढत नाही. महिन्याने दाखवायला येतील तेव्हा पुन्हा मोजायची आहे, तीच उजवी. तोवर सूनबाईंना एक छोटी वाटी नेमून दिली आहे: आजींच्या वाटणीची कोरडी डाळ दिवसाला तीन वेळा तिच्यानेच मोजायची, आणि वरणाचं पाणी नाही, खालची डाळ वाढायची.