किल्ली काढली, तरी करंट चालूच

संध्याकाळपर्यंत गाडी झकास चालते आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टकटक. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर लावला की लगेच सुरू होते. असं दोन-तीनदा झालं की कुणीतरी सांगतं, ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ बहुतेक जण टाकतातही. महिन्याभराने पुन्हा तेच सुरू झालं, म्हणजे दोष बॅटरीत नव्हताच, हे तेव्हा कळतं.

खरं तर पाना हातात घेण्याआधी थोडा हिशेब करावा. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनाचा संगणक यांना थोडा करंट लागतोच, तो ०.०२ ते ०.०५ अँपिअर असला तर चिंता नाही. रात्रीच्या दहा तासांत त्याने फार तर अर्धा अँपिअर-तास जातो. डिकीतला पाच वॅटचा दिवा रात्रभर जळत राहिला तरी चारच अँपिअर-तास जातात आणि धडधाकट बॅटरी सकाळी सेल्फ मारते. तेव्हा एका रात्रीत गाडी बसत असेल तर दोनच शक्यता उरतात. एक तर करंट चांगला दोन-तीन अँपिअर किंवा त्याहून जास्त जातोय, नाहीतर बॅटरी इतकी थकली आहे की थोडंसं नुकसानही तिला झेपत नाही. बऱ्याचदा दोन्ही गोष्टी एकत्र असतात आणि म्हणूनच निदान चुकतं.

यांतली बॅटरीची शंका फुकटात फिटते. बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्री तिची मायनस वायर काढून ठेवायची. सकाळी वायर जोडल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर दोष बॅटरीत. सुरू झाली, तर करंट गाडीत कुठेतरी जातोय.

ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे अशीच एक सेकंडहँड हॅचबॅक आली होती. मालकाने नुकतीच नवी बॅटरी टाकलेली. रोज वापरली तर गाडी सुरू व्हायची, पण रविवारी उभी राहिली की सोमवारी सकाळी ठार. आधीची जुनी बॅटरी तर एका रात्रीतच बसायची.

त्यांनी आधी ड्रायव्हरची काच खाली घेतली, दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केलं, म्हणजे दार लागलंय असं गाडीला वाटावं आणि आतल्या फ्यूज बॉक्सपर्यंत हातही पोचावा. किल्ली गाडीपासून लांब ठेवली. मग बॅटरीच्या मायनस खांबापासून गाडीच्या मायनस वायरपर्यंत एक साधी जोडवायर लावली, खांबावरचा क्लॅम्प सोडवला आणि त्या जोडवायरीला समांतर मल्टिमीटर लावला, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. जोडवायर यासाठी, की वायर काढघाल करताना गाडीतले सगळे संगणक दचकून जागे होतात आणि तेवढ्यापुरता जास्त करंट ओढतात. तो मीटरमधून न जाता जोडवायरीतून जावा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडेल.

मग अर्धा तास काहीच केलं नाही. घाईतली माणसं इथेच फसतात. किल्ली काढल्यावर आधुनिक गाडी टप्प्याटप्प्याने झोपी जाते. पहिल्या पाच मिनिटांत मीटरवर दोन-तीन अँपिअर दिसले तर त्याला दोष म्हणता येत नाही. अर्ध्या तासाने त्यांनी जोडवायर काढली. मीटर स्थिरावला होता १.२३ वर. दहा तासांचे बारा अँपिअर-तास. नवी बॅटरी एक रात्र तग कशी धरते आणि सलग उभी राहिली की का बसते, याचं उत्तर त्या आकड्यात होतं.

आता शोध. एकेक फ्यूज उपटत जायचं ही सगळ्यांना माहीत असलेली रीत. पण फ्यूज काढघाल करताना झोपलेली यंत्रं पुन्हा जागी होऊ शकतात. म्हणून आधी दुसरी रीत. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांना टोकं लावायची. फ्यूजमधून करंट जात असेल तर थोडासा व्होल्ट दिसतो, नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या फ्यूजमधून सव्वा अँपिअर जात असता तर आठ-नऊ मिलिव्होल्ट दिसायला हवे होते. (एकच मीटर असेल तर मीटर हलवण्याआधी जोडवायर परत लावावी लागते, यांच्याकडे दोन होते.)

सगळे फ्यूज तपासले. कुठेही काही नाही.

असं झालं की अल्टरनेटरवर संशय जातो, कारण त्याची जाड वायर आतल्या फ्यूज बॉक्सातून जात नाही आणि आतला डायोड फुटला तर करंट उलटा वाहत राहतो. अशा वेळी अल्टरनेटर तासन्‌तास कोमट राहतो. हा थंडगार होता. खात्रीसाठी त्यांनी बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरची वायर काढली आणि पुन्हा मोजलं. गाडी झोपल्यावर आकडा तोच.

शेवटी एकेक फ्यूज उपटायला घेतले. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज निघाला आणि मीटर १.२३ वरून ०.०३ वर आला. आश्चर्य हे, की याच फ्यूजवर मघाशी मिलिव्होल्ट जवळजवळ शून्य होते. मालक म्हणाला, “म्हणजे स्टिरिओ खराब?” ते म्हणाले, “साहेब, फ्यूज काढल्यावर करंट थांबला म्हणजे तो याच फ्यूजमधून जात होता असं नाही. इथून कुणाला तरी चालू राहायचा हुकूम मिळत होता.”

तो ‘कुणीतरी’ ड्रायव्हरच्या सीटखाली, गालिच्याआड सापडला. आधीच्या मालकाने बसवलेला अँप्लिफायर. त्याची वीज बॅटरीवरून थेट, काळ्या नळीतून आलेल्या जाड वायरीने येत होती, म्हणून फ्यूज बॉक्सात तिचा पत्ताच नव्हता. अँप्लिफायर चालू-बंद होतो तो एका बारीक निळ्या वायरीवर. स्टिरिओ सुरू झाला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात. मालकाने चार महिन्यांपूर्वी स्टिरिओ बदलला, तेव्हा दुकानदाराने ही निळी वायर स्टिरिओच्या पिवळ्या वायरीला पिळून टेप मारली होती. पिवळी वायर बॅटरीची, कायम चालू असणारी; लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. त्यामुळे स्टिरिओ बंद झाला तरी अँप्लिफायर चोवीस तास जागा. आवाज नाही, दिसणारा दिवा नाही, फक्त पत्रा किंचित गरम.

निळी वायर पिवळीवरून सोडवून नव्या स्टिरिओच्या तिच्यासाठीच असलेल्या वायरीला जोडली. अर्ध्या तासाने मीटर ०.०३.

प्रत्येक गाडी इतकी सरळ वागत नाही. एखादा रिले रोज नव्हे, कधीतरीच चिकटतो. तेव्हा मीटरवर सगळं ठीक दिसतं आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा बसते. अशा वेळी करंट रात्रभर नोंदवत ठेवणारं साधन लागतं आणि ते घरी नसतं. एक गोष्ट मात्र प्रत्येकाला जमेल. गाडीत स्टिरिओ, डॅशकॅम, ट्रॅकर, काहीही नवं बसवलं की दुकानातून निघण्याआधी गाडी बंद करून अर्धा तास थांबा आणि बॅटरीवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. ०.०५ अँपिअरच्या वर असेल, तर त्याच वेळी त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या.